कॅसेट क्र. 17 : कोपऱ्यातल्या लोगोवरून तारीख काढताना

4 जानेवारी 2025

आत्याकडच्या कॅसेटी आज एकदाच्या घरी आणल्या. बिस्किटांच्या दोन खोक्यांत मिळून 31 व्हीएचएस निघाल्या. काकांनी टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवलेली नाटकं, गाण्याच्या मैफली आणि मधेच एखादा क्रिकेटचा सामना, असा सगळा ऐवज आहे. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचं अक्षर सुबक होतं, पण तारीख घालायची सवय नव्हती. लेबलांवर "नाटक", "गाणं – चांगलं", "पुसू नये" एवढंच लिहिलंय. एकीवर नुसतंच "एशियाड".

सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवायच्या, हे काम तसं सरळ आहे. मला त्यापुढे प्रत्येक रेकॉर्डिंग कोणत्या दिवशी हवेतून आलं तेही शक्य तिथे ठरवायचंय. तारीख नसेल तर पुढे कुणालाही त्या फिती शोधता येणार नाहीत, आणि उतरवून ठेवलेल्या फायलीही पुन्हा एका खोक्यात गेल्यासारख्या होतील.

5 जानेवारी

चार कॅसेटींवर पांढरी बुरशी आहे. पुण्याचा पावसाळा आणि माळ्यावरची जागा, दुसरं काय होणार. त्या वेगळ्या काढल्या. बुरशी लागलेली फीत व्हीसीआरमध्ये घातली की ती फिरत्या हेडवर चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब करते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घेतल्या.

सुरुवात क्र. 17 पासून करायची ठरवली. लेबल "नाटक". ई-180 म्हणजे तीन तासांची फीत. आत्या म्हणाली, "ती कॅसेट ते सारखी लावायचे. तेवढी आधी कर बाई."

11 जानेवारी

17 उतरवली. तीन तासांची एकच फाईल, 720 बाय 576. आधी पूर्ण पाहिली नाही, सरकवत सरकवत आत काय काय आहे त्याचा आराखडा काढला.

सुरुवातीपासून 2 तास 21 मिनिटांपर्यंत एक नाटक आहे, मधे जाहिरातींसकट. वरच्या उजव्या कोपऱ्यात अल्फा मराठीची खूण दिसते. नाटक संपल्यावर चित्र तुटतं, काही सेकंद नुसत्या मुंग्या येतात आणि मग भलतंच काहीतरी सुरू होतं : कोपरा रिकामा, रंग फिकट, कार्यक्रमही दुसराच. ते फितीच्या टोकापर्यंत चालतं.

ही शेवटची अडतीस मिनिटं म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगचं शेपूट आहे. घरोघरी एकच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरली जायची. नवं रेकॉर्डिंग जेवढं लांब असेल तेवढंच जुनं पुसलं जातं आणि उरलेलं मागे राहतं. म्हणून कॅसेटीत बहुतेक वेळा सुरुवातीला नवं आणि शेवटाला जुनं असतं. एका कॅसेटीला एक तारीख द्यायला गेलं की इथेच घोटाळा होतो. नोंदवहीत 17-अ (नाटक) आणि 17-ब (शेपूट) असे दोन भाग केले.

मधल्या मुंग्यांवर थोडं लिहून ठेवते, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. साध्या व्हीसीआरमध्ये जुनं पुसणारं हेड चित्र लिहिणाऱ्या ड्रमच्या अलीकडे काही सेंटिमीटरवर बसवलेलं असतं. रेकॉर्डिंग थांबवलं की त्या दोघांमधला फितीचा तुकडा पुसलेला असतो, पण त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. त्याच काही सेकंदांच्या मुंग्या. रेकॉर्डिंग सुरू होताना नेमकं उलट घडतं. तो तुकडा न पुसताच त्यावर नवं लिहिलं जातं आणि जुन्याचे रंग खालून डोकावतात. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात आणि काही सेकंदांत वरून खाली ओसरतात. म्हणजे इंद्रधनुष्य दिसलं की तिथे कुणीतरी रेकॉर्डचं बटण दाबलेलं आहे.

12 जानेवारी

आज फक्त कोपरा.

अल्फाची खूण नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसते. फीत झिजलीय आणि नाटकातला प्रकाश त्या कोपऱ्यात सारखा बदलतो. म्हणून दर सेकंदाला एक चौकट घेऊन फक्त तेवढा कोपरा कापला आणि 128 चौकटींची सरासरी काढली. मागचं चित्र हलतं, त्यामुळे त्याचा सपाट करडा रंग होतो. लोगो जागचा हलत नाही, म्हणून तो वर तरंगून येतो.

```
ffmpeg -ss 00:10:00 -t 200 -i 17.mkv \
  -vf "fps=1,crop=200:120:500:20,tmix=frames=128" \
  -update 1 logo17.png
```

अक्षरं लख्ख आली. फितीवर वेगवेगळ्या ठिकाणी सहा वेळा हेच केलं आणि सहाही चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. लोगो तोच, जागा तीच. म्हणजे नाटकाचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वाहिनीवरचं आहे.

या नावावरून काय मिळतं? अल्फा टीव्ही मराठी 15 ऑगस्ट 1999 ला सुरू झाली आणि मार्च 2005 मध्ये तिचं नाव झी मराठी झालं. तेव्हा 17-अ चं प्रसारण याच साडेपाच वर्षांतलं आहे, आधीचं नाही आणि नंतरचंही नाही. दोन्ही टोकं बंद असलेली अशी मुदत मिळणं भाग्याचं. ई टीव्ही मराठीचं नाव जुलै 2000 ते मार्च 2015 असं जवळजवळ पंधरा वर्षं टिकलं. तिथे नुसतं नाव वाचून फारसं काही हाती लागत नाही, लोगोचा आकार आणि मांडणी कधी कशी बदलली ते शोधावं लागतं. सह्याद्रीचं तर एकच टोक मिळतं : दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला हे नाव 2000 मध्ये मिळालं आणि ते अजून चालू आहे.

18 जानेवारी

धाकटा भाऊ आला होता. त्याने नाटकाची शेवटची श्रेयनामावली पाहिली, तिथे 2001 असं साल आहे. त्याने सरळ नोंदवहीत "2001" लिहिलं आणि म्हणाला, "झालं की तुझं काम, ताई."

झालं नाही. ते साल नाटकाचं चित्रीकरण झाल्याचं आहे. चित्रीत केलेलं नाटक वाहिनीकडे मास्टर टेपवर असतं आणि सणासुदीला, सुट्टीला पुन्हा पुन्हा लावलं जातं. मास्टरवर वाहिनीचा लोगो नसतो. प्रसारणाच्या वेळी नियंत्रण कक्षात तो वरून घातला जातो. म्हणजे श्रेयनामावली कार्यक्रमाचं वय सांगते आणि कोपऱ्यातला लोगो प्रसारणाचं. मला हवंय ते दुसरं.

तरी 2001 वाया गेलं नाही. चित्रीकरणाच्या आधी प्रसारण होऊ शकत नाही, म्हणून मुदतीचं सुरुवातीचं टोक 1999 वरून 2001 वर सरकलं.

कधी कधी एकाच चित्रात दोन लोगो दिसतात, एकाच्या खाली दुसरा पुसट. तेव्हा समजायचं की मास्टर मिळाला नाही आणि आधीच्या प्रसारणाची प्रतच पुन्हा वापरली. तिथे तारीख वरच्या, स्वच्छ लोगोवरून काढायची. 17-अ मध्ये हे आहे का ते मुद्दाम तपासलं. नाही.

19 जानेवारी

जाहिराती आणि कार्यक्रमांच्या झलका. या भागाला मी सर्वात जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला.

आधी एक शंका दूर करायची होती. जाहिरातींच्या वेळी कोपऱ्यातला लोगो जातो. मग या जाहिराती नाटकासोबतच प्रसारित झाल्या हे कशावरून? काकांनी मधे रेकॉर्डिंग थांबवून नंतर पुन्हा सुरू केलं असेल तर? इथे परवाचं इंद्रधनुष्य कामाला आलं. पाचही विश्रांत्यांच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी एकेक करून पाहिल्या. चार ठिकाणी चित्र स्वच्छ बदलतं, आवाजही अखंड आहे. तिसऱ्या विश्रांतीनंतर मात्र पट्टे दिसले. तिथे काकांनी थांबवून पुन्हा सुरू केलंय, बहुधा जाहिराती टाळायला. म्हणून तिसरी विश्रांती पुराव्यातून बाद केली. बाकीच्या चार धरल्या.

दुसऱ्या विश्रांतीत वाहिनीचीच एक झलक आहे, वीसेक सेकंदांची. ढोल-ताशांचा आवाज, पाटावर गणपतीची मूर्ती, आणि निवेदिका म्हणते, "येत्या शनिवारी, गणरायाच्या आगमनाला..." पुढे त्या दिवशीच्या खास कार्यक्रमाचं नाव. तारीख नाही, साल नाही. फक्त शनिवार.

तेवढा पुरला. अल्फा या नावाच्या मुदतीत गणेश चतुर्थी सहा वेळा आली. कॅलेंडरं काढून वार लिहिले :

1999 – 13 सप्टेंबर, सोमवार
2000 – 1 सप्टेंबर, शुक्रवार
2001 – 22 ऑगस्ट, बुधवार
2002 – 10 सप्टेंबर, मंगळवार
2003 – 31 ऑगस्ट, रविवार
2004 – 18 सप्टेंबर, शनिवार

सहा वर्षं आणि सहा वेगळे वार. शनिवार फक्त 2004 ला. मी ही यादी तीनदा पडताळली, कारण इतकं नीट बसलेलं पाहून आधी विश्वासच बसेना. 2004 ला चतुर्थी इतकी उशिरा, 18 सप्टेंबरला का, तेही लगेच कळलं. त्या वर्षी श्रावण अधिक होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले.

लोगोशिवाय हे जमलं नसतं. नुसता "शनिवारी गणपती" धरला तर 2007 सुद्धा बसतं, कारण त्या वर्षी चतुर्थी 15 सप्टेंबरला, शनिवारीच होती. पण 2007 मध्ये कोपऱ्यात झी मराठी असतं. लोगोने मुदत दिली आणि वाराने त्या मुदतीतलं वर्ष निवडलं. सणाचा वार दर वर्षी बदलतो, पण काही वर्षांनी तोच वार पुन्हा येतो. म्हणून दोन्ही टोकं बंद असलेली आणि शक्यतो आखूड मुदत आधी हातात असावी लागते.

25 जानेवारी

वर्ष मिळालं. आता दिवस मिळतो का ते पाहिलं.

"येत्या शनिवारी" असं म्हणताना तो शनिवार आठवड्याच्या आत असणार. म्हणजे प्रसारण 11 सप्टेंबर 2004 नंतरचं आणि 18 च्या आधीचं.

चौथ्या विश्रांतीत एका मालिकेची झलक आहे. "उद्यापासून, सोमवार ते गुरुवार, रात्री साडेआठ वाजता." उद्या सोमवार, म्हणजे आज रविवार. त्या आठवड्यातला रविवार एकच, 12 सप्टेंबर.

वाहिन्या एकाच झलकेच्या बहुधा दोन-तीन आवृत्त्या करून ठेवतात. आधी आठवडाभर "सोमवारपासून", आदल्या दिवशी "उद्यापासून" आणि त्या दिवशी "आज रात्री". शेवटचं वाक्य तेवढं वेगळं असतं, बाकी चित्र तेच. म्हणून झलक नुसती पाहून पुरत नाही, शेवटचे चार शब्द कान देऊन ऐकावे लागतात. आमच्या फितीत त्या जागी आवाज खरखरतो. हेडफोन लावून ऐकलं, मग भावाला काहीही न सांगता ऐकवलं. त्यालाही "उद्यापासून" असंच ऐकू आलं.

एक फट उरत होती. मध्यरात्रीनंतरचं प्रसारण असेल तर "उद्या" म्हणजे कोणता दिवस यात गोंधळ होतो. पण त्याच विश्रांतीत दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी "आज रात्री नऊ वाजता" आहे. म्हणजे हे नाटक रात्री नऊच्या आधी लागलं होतं. फट बुजली.

26 जानेवारी

पहिल्या विश्रांतीत मतदार जागृतीची एक जाहिरात आहे, तिच्यात "13 ऑक्टोबर" असा मतदानाचा दिवस येतो. भाऊ खूश झाला, म्हणाला हाच पक्का पुरावा.

हा पुरावा उपयोगी आहे, पण एकटा पक्का नाही. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान 13 ऑक्टोबर 2004 ला झालं आणि पुढच्या वेळी, 2009 मध्येही, 13 ऑक्टोबरलाच झालं. तारीख आणि महिना तोच, पाच वर्षांचा फरक. कोपरा न पाहता नुसती ही जाहिरात कुणी पाहिली तर निम्म्या वेळा चुकेल. वार दिसला असता तर प्रश्न मिटला असता, कारण 2004 ला बुधवार होता आणि 2009 ला मंगळवार. पण जाहिरातीत वार नाही.

अल्फाच्या लोगोमुळे 2009 आपोआप गळतं, आणि 2009 ला गणपतीही 23 ऑगस्टलाच बसले होते, त्यामुळे सप्टेंबरातल्या चतुर्थीची गोष्टच उरत नाही. तेव्हा निवडणुकीची जाहिरात 12 सप्टेंबर 2004 ला छान दुजोरा देते. गणपतीच्या झलकेशी तिचा काही संबंध नाही आणि तीही त्याच वर्षाकडे बोट दाखवते, यासाठी मला ती महत्त्वाची वाटते. एकाच झलकेतल्या दोन गोष्टी जुळल्या तर तो दोनदा सांगितलेला एकच पुरावा असतो.

2 फेब्रुवारी

आज शेपूट, 17-ब. याचं उत्तर इतकं नेमकं येणार नाही हे मनाशी धरूनच बसले.

शेपटाच्या मध्यावर दूरदर्शनची ओळखचित्रफीत येते. दोन वळणं फिरत फिरत येतात, मधल्या गोलाभोवती स्थिरावतात आणि डोळा तयार होतो. मागे ती शहनाई. मी काम थांबवून ती तीन वेळा लावली. लहानपणी आत्याच्या घरी ही धून लागली की आम्ही मुलं स्वयंपाकघरातून पळत बाहेर यायचो.

तो डोळा देवाशिष भट्टाचार्य यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी असताना काढला. त्या रेखाटनाच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत आर. एल. मिस्त्री यांनी त्याला हलतं केलं. धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. दूरदर्शन 1976 मध्ये आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हापासून ही खूण लोकांच्या ओळखीची झाली आणि पुढे कित्येक वर्षं तशीच चालली.

तारीख काढायला तिचा उपयोग त्यामुळेच कमी. जी खूण फार टिकते ती वेळ सांगत नाही. इथे तिच्यावरून एवढंच कळलं की वाहिनी दूरदर्शन आहे. चित्र रंगीत आहे, म्हणजे 1982 च्या आधीचं नाही. भारतात रंगीत प्रसारण त्या वर्षी सुरू झालं.

मग इतर गोष्टींकडे वळले. एका ठिकाणी प्रसारण अडकतं आणि पाटी येते, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व". पाटी मराठीत आहे, म्हणजे अडचण मुंबई केंद्रावर आली. दिल्लीहून येणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमात अडथळा आला की "रुकावट के लिए खेद है" दिसायचं. पाटीवरून काळ कळत नाही, पण तो कार्यक्रम कुठल्या केंद्राचा हे कळतं, आणि जुने कार्यक्रमपत्रक शोधायला गेलं तर दिल्लीचं की मुंबईचं पाहायचं ते ठरतं.

पुढे "मिले सुर मेरा तुम्हारा" दोन कार्यक्रमांच्या मधे येतं. ते पहिल्यांदा 15 ऑगस्ट 1988 ला दाखवलं गेलं. खालचं टोक 1982 वरून 1988 वर आलं. पण ते नंतर वर्षानुवर्षं लागत होतं, म्हणून वरचं टोक त्याच्याकडून मिळत नाही.

वरच्या टोकासाठी एक जाहिरात सापडली. साबणाच्या पुडक्यावर इंग्रजीत कारखान्याचा पत्ता आहे आणि त्यात BOMBAY वाचता येतं. इंग्रजीतलं अधिकृत नाव 1995 मध्ये बदललं. दूरदर्शनच्या मराठी पाटीवर मात्र आधीही "मुंबई" आणि नंतरही "मुंबई", म्हणून मराठी पाटी इथे काहीच सांगत नाही आणि इंग्रजी पत्ता सांगतो. तरीही हे टोक मी सैल ठेवलंय. जुनी पुडकी आणि जुन्या जाहिराती नाव बदलल्यावर दुसऱ्या दिवशी नाहीशा होत नाहीत. नोंद केली : 1988 ते साधारण 1996. एवढ्यावर आज थांबले. उगाच एक साल लिहून टाकण्यापेक्षा ही आठ वर्षं खरी आहेत.

8 फेब्रुवारी

क्र. 9, लेबल "एशियाड". ही 17 च्या जोडीला घेतली, कारण इथे लोगोऐवजी शुभंकर आहे, अप्पू हत्ती.

दिल्लीच्या आशियाई खेळांचा तो शुभंकर. खेळ 19 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर 1982 या काळात झाले. भावाने तोच पंधरवडा लिहायला घेतला होता. मी आत्याला फोन करून विचारलं, "व्हीसीआर कधी घेतला गं तुम्ही?" ती म्हणाली, "दादाच्या मुंजीच्या वर्षी, 86 ला. काका दुबईहून आलेल्या मित्राकडून घेऊन आले होते. तुला आठवत नाही, तू केवढीशी होतीस."

म्हणजे 1982 मध्ये या घरात व्हीसीआरच नव्हता. मग फीत जवळून पाहिली. चित्राच्या अगदी तळाशी, जिथे व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो, तिथे एक थरथरती पट्टी असते. टीव्हीवर ती चौकटीच्या बाहेर जाते, संगणकावर दिसते. क्र. 9 मध्ये अशा दोन पट्ट्या आहेत, एक दुसरीच्या जरा वर. एक पट्टी या कॅसेटीची, दुसरी जिच्यावरून उतरवली त्या कॅसेटीची. ही प्रत आहे, मूळ रेकॉर्डिंग नाही. कडा मऊ आणि लाल रंग पसरलेला, हेही प्रतीचंच लक्षण.

तेव्हा नोंद दोन ओळींत : मूळ प्रसारण 1982 च्या हिवाळ्यातलं असण्याची दाट शक्यता, प्रत 1986 नंतरची. "दाट शक्यता" अशासाठी की शुभंकर सोहळ्यानंतरही जगतो. अप्पूच्या नावाने दिल्लीत अप्पू घर उघडलं ते 1984 मध्ये. नुसता हत्ती दिसला म्हणून खेळ चालू होते असं नाही. आमच्या फितीत मैदान, धावफलक आणि थेट समालोचन आहे म्हणून मी 1982 म्हणू शकते.

9 फेब्रुवारी

आत्याकडे गेले होते. 17-अ ची तारीख तिला सांगितली.

ती मान हलवायला लागली. "छे, 2003. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना वाचायला मनाई होती, म्हणून नाटक लावलं होतं. गणपती आठवड्यावर आले होते. मी वाती वळत बसले होते इथेच."

मी तिला वार सांगितला. 2003 ला गणपती रविवारी बसले होते आणि फितीतली बाई शनिवार म्हणते. आत्या थोडी नाराज झाली. आपल्या आठवणीला कुणी पुरावा मागितलेला कुणालाच आवडत नाही, आणि तिची ती दुपार मला हिरावून घ्यायची नव्हती. वाती, ऑपरेशन, आठवड्यावर आलेले गणपती, हे सगळं फितीशी जुळतंच होतं. फक्त साल जुळत नव्हतं.

चहा झाल्यावर ती उठली आणि कपाटातून काकांची कागदांची पिशवी काढली. प्लास्टिकच्या पाकिटात ऑपरेशनचा कागद होता, घड्या पडून जीर्ण झालेला. तारीख 24 ऑगस्ट 2004. आत्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणाली, "मग अधिक महिन्याचं वर्ष ते. बरोबर. जावईबापूंना वाण दिलं होतं त्या वर्षी."

तिच्या परवानगीने कागदाचा फोटो घेतला. दवाखान्याचं नाव झाकून फक्त तारीख ठेवली. घरी येऊन नोंद पक्की केली :

```
17-a  2004-09-12
17-b  1988/1996~
09    1982 (copy: 1986/..)
```

17-अ पुढे शेरा लिहिला : लोगो अल्फा मराठी, सहा ठिकाणी तपासला. गणपतीची झलक, "येत्या शनिवारी". मालिकेची झलक, "उद्यापासून, सोमवार". मतदानाची जाहिरात, 13 ऑक्टोबर, दुजोरा. तिसरी विश्रांती धरलेली नाही, तिथे जोड आहे. घरातला कागद, 24 ऑगस्ट 2004, दुजोरा.

पुढच्या शनिवारी क्र. 22. लेबल "गाणं – चांगलं". कोपऱ्यात सह्याद्री दिसतंय, म्हणजे 2000 नंतरचं. वरचं टोक अजून शोधायचंय.